पाचच वेळा पैसे काढले, तरी 27.14 रुपये दोनदा का कापले?

कोयनाकाठ

मंडळी नमस्कार. नोकरी मुंबईत परळला, घर उंब्रजजवळ, खातं गावाकडच्या शाखेत. बचत खातं आहे, पगारही त्यातच येतो. सप्टेंबर 2025 चं स्टेटमेंट काढलं तेव्हा 27 रुपये 14 पैसे अशी नोंद दोन वेळा दिसली, एकदा 21 तारखेला आणि एकदा 28 ला. पुढे नुसतं एटीएम चार्जेस लिहिलेलं.

दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार मोफत असतात असं मी आजवर धरून चाललो आहे. सप्टेंबरमध्ये मी बरोबर पाच वेळा पैसे काढले, 3, 11, 19, 21 आणि 28 तारखेला. सहाव्यांदा काढलेलेच नाहीत. मग एकदासुद्धा कापायला नको होते, इथे दोनदा कापलेत.

28 तारखेला ज्या बँकेच्या मशीनमधून पैसे काढले तिच्या शाखेत सोमवारी जेवणाच्या सुट्टीत जाऊन आलो. तिथल्या बाईंनी कार्ड पाहिलं आणि "आम्ही काही कापलेलं नाही, तुमच्या बँकेला विचारा" म्हणून परत पाठवलं. मशीन त्यांचं आणि चौकशी आमच्या शाखेत, तीही पावणेतीनशे किलोमीटरवर. 54 रुपये मोठे नाहीत, पण हिशेब कळायला हवा. कुणाला यातलं नीट माहीत असेल तर सांगा.

शशांक_पुणे

पाच मोफत ही जुनी गोष्ट झाली. आता मेट्रो शहरांत तीनच मिळतात. तुम्ही मुंबईत, आम्ही पुण्यात, दोघांनाही तीन. चौथ्या आणि पाचव्या वेळी कापले, हिशेब जुळला. आणि पैसे ज्याचं मशीन त्यालाच मिळतात, त्यामुळे त्या शाखेने तुम्हाला टोलवलं हे चूकच आहे.

जुनं_पासबुक

शशांक, दोन गोष्टी दुरुस्त करतो. मी बँकेत 34 वर्षं काढली, शेवटची नऊ वर्षं कार्डांच्या तक्रारींच्या टेबलावर होतो.

तीनची मर्यादा सहा केंद्रांपुरती आहे: मुंबई, नवी दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू आणि हैदराबाद. पुणे त्या यादीत नाही, त्यामुळे पुण्यातल्या मशीनवर तुम्हाला पाच मिळतात. शहर कितीही वाढलं असलं तरी 1 नोव्हेंबर 2014 पासून ही यादी सहाचीच आहे. दुसरं, खातं कुठल्या शाखेत आहे याला इथे काही किंमत नाही. मशीन कुठे उभं आहे तेवढंच बघतात. कोयनाकाठ यांचं खातं गावचं असलं तरी परळच्या मशीनला ते मुंबईचेच.

आणि त्या शाखेतल्या बाईंनी बरोबर सांगितलं. हे शुल्क तुमची स्वतःची बँक कापते. कसं ते पुढे सांगतो.

कोयनाकाठ, तुम्ही फक्त पैसे काढल्याच्या नोंदी दिल्या आहेत. महिन्याभरात कार्ड मशीनमध्ये जितक्या वेळा घातलं ते सगळं लिहा. शिल्लक पाहिली असेल, छोटं स्टेटमेंट काढलं असेल, पिन चुकला असेल, तेही. स्टेटमेंटवर हे दिसणार नाही, आठवून लिहावं लागेल.

कोयनाकाठ

आठवलं तसं लिहितो. काही पावत्या पाकिटात सापडल्या.

3 सप्टेंबर, परळ. आधी शिल्लक पाहिली, कारण पगार जमा झालाय का ते बघायचं होतं. मग 2,000 काढले.
11 सप्टेंबर, दादर, 3,000 काढले.
19 सप्टेंबर, रात्री उंब्रज. आमच्या बँकेचं मशीन बंद होतं, म्हणून स्टँडजवळच्या खासगी मशीनवर गेलो, त्यावर कुठल्याच बँकेचं नाव नव्हतं. पहिल्यांदा पिन चुकला, दुसऱ्यांदा 5,000 मिळाले. रविवारी आजोबांचा महाळ होता, त्याच्या सामानासाठी.
20 सप्टेंबर, तेच मशीन. वडिलांना गॅसचं अनुदान आलंय का ते बघायचं होतं, पण चुकून माझंच कार्ड हातात आलं आणि छोटं स्टेटमेंट निघालं.
21 सप्टेंबर, सकाळी तिथेच 2,000. ब्राह्मणांची दक्षिणा आणि भाजीवाल्याचे द्यायचे राहिले होते.
28 सप्टेंबर, परळ, 1,000.

हे सगळं दुसऱ्यांच्याच मशीनवर. आमच्या बँकेचं मशीन परळला माझ्या रस्त्यात नाही.

जुनं_पासबुक

आता तुमचा हिशेब सरळ मांडता येतो.

मोफत व्यवहार मोजताना बँक पैसे काढले का एवढंच बघत नाही. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर शिल्लक पाहिली तर एक, छोटं स्टेटमेंट घेतलं तर आणखी एक. म्हणजे 3 तारखेला परळला तुम्ही एकाच उभ्या जागेवर दोन व्यवहार वापरले. मनात तो एकच असतो, कारण आपण एकदाच रांगेत उभे राहिलो आणि खोलीतून बाहेर आलो. बँकेच्या हिशेबात मात्र शिल्लक हा पहिला आणि 2,000 हा दुसरा. 11 तारखेचा दादरचा तिसरा. मुंबईतले तीन तिथेच संपले.

19 तारखेला पिन चुकला तो मोजायचा नाही. त्यानंतर मिळालेले 5,000 हा चौथा. ते मशीन बँकेचं नाही, खासगी कंपनीचं आहे, पण तुमच्या बँकेच्या दृष्टीने ते दुसऱ्याचंच. 20 तारखेचं छोटं स्टेटमेंट पाचवा. इथे कोटा संपला. 21 चे 2,000 सहावा व्यवहार, त्याला शुल्क. 28 चे 1,000 सातवा, त्यालाही शुल्क.

शुल्क 23 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 4 रुपये 14 पैसे, मिळून 27.14. हे 23 रुपये म्हणजे बँकेला घेता येणारी कमाल रक्कम, 1 मे 2025 पासून लागू झाली. त्याआधी 1 जानेवारी 2022 पासून 21 होते आणि त्याही आधी 20.

यात एक मेख आहे. मी हे एकूण पाच, त्यातले मुंबईसारख्या ठिकाणी जास्तीत जास्त तीन, असं धरून मोजलं. बऱ्याच बँकांच्या शुल्कपत्रकात असंच लिहिलेलं असतं. तुमच्या बँकेने मुंबईचे तीन आणि बाहेरचे पाच असे दोन वेगळे कोटे मोजत असल्याचं लिहिलं असेल, तर उंब्रजचे तीनही व्यवहार मोफत बसतात आणि 21 तारखेचे 27.14 परत मागता येतात. 28 चा मात्र तेव्हाही लागतोच, कारण परळचा तो चौथा. त्यामुळे शुल्कपत्रकातलं ते एक वाक्य शोधा.

शशांक_पुणे

पुण्याबद्दलची चूक मान्य. पण शिल्लक पाहणं मोजतात हे मला पटत नाही. 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं होतं की शिल्लक पाहणं, चेकबुक मागणं असले व्यवहार मोफत कोट्यात धरायचे नाहीत. मी तेव्हा ते वाचलं होतं. मग 3 तारखेचा आणि 20 तारखेचा दोन्ही वगळले तर कोयनाकाठ यांचे पाचच होतात!

जुनं_पासबुक

ते परिपत्रक 14 ऑगस्ट 2019 चं. वाचलंत हे चांगलंच, पण त्यातली अट निसटली. शिल्लक पाहणं वगैरे धरायचं नाही, पण आपल्याच बँकेच्या मशीनवर केलं असेल तर. दुसऱ्याच्या मशीनवर ते मोजलं जातं. आमच्या टेबलावर येणाऱ्या तक्रारींत ही गल्लत सगळ्यात जास्त असायची.

त्याच परिपत्रकात आणखी एक गोष्ट आहे जी सगळ्यांनी लक्षात ठेवावी. मशीनमध्ये बिघाड झाला, लाइन तुटली, नोटा संपल्या किंवा पिन चुकला आणि व्यवहार झालाच नाही, तर तो मोजायचा नाही आणि त्याला शुल्कही नाही. कोयनाकाठ यांचा चुकलेला पिन म्हणूनच मी सोडून दिला. कुणाच्या खात्यात अशा व्यवहाराचं शुल्क कापलेलं दिसलं तर ते परत मिळण्यासारखं आहे, लेखी मागा.

सुमन_माणदेश

हे वाचून आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या गावात बँक नाही, एक खासगी एटीएम आहे किराणा दुकानाच्या शेजारी. लाडकी बहीणचे 1,500 कधी येतात ते नक्की नसतं. हप्ता आला अशी आवई उठली की आम्ही बायका मशीनवर जातो, कार्ड घालतो, शिल्लक बघतो, नाही आली की परत येतो. गेल्या महिन्यात माझं असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी पैसे आलेले दिसले मोबाईलवर, म्हणून 1,500 काढले. खात्यात 1,540 होते. काढल्यावर 40 राहायला पाहिजेत ते 12 रुपये 86 पैसेच राहिले. मी मशीनवाल्या दुकानदाराशी भांडून आले, त्या बिचाऱ्याचा काय संबंध नव्हता.

म्हणजे बघायचेसुद्धा मोजतात? बघायला तर काय पैसे लागत नाहीत ना?

जुनं_पासबुक

सुमनताई, पाच वेळा बघण्यात तुमचे पाचही मोफत व्यवहार गेले, म्हणून 1,500 काढताना 27.14 लागले. तुमचा 12.86 चा हिशेब पैशापर्यंत बरोबर आहे. आणि पाच संपल्यावर तुम्ही पुन्हा नुसतं बघितलं असतंत तर त्यालाही शुल्क लागलं असतं, ते थोडं कमी असतं. काही बँकांत 11 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 12.98.

खातं उघडताना जो मोबाईल नंबर दिला त्यावरून बँकेच्या ठरलेल्या नंबरवर मिस्ड कॉल दिला की शिल्लक एसएमएसने येते. बहुतेक सगळ्या बँकांचा असा नंबर असतो आणि तो पासबुकावर किंवा शाखेतल्या फळ्यावर मिळतो. त्याला एटीएमचा कोटा लागत नाही. तुमच्या गावातल्या बायकांना एवढं एक सांगितलंत तरी बराच फरक पडेल.

आणि एक विचारायचं आहे. तुमचं खातं जनधनचं आहे का साधं बचत? जनधनच्या खात्याला महिन्यातून किमान चार वेळा पैसे काढणं मोफत असतं, पण त्यात शाखेत काढलेले आणि एटीएमचे दोन्ही येतात. तिथली मोजणी वेगळी आहे.

सुमन_माणदेश

साधं बचत आहे, पोराच्या शाळेच्या वेळी उघडलेलं. मिस्ड कॉलचा नंबर उद्या पासबुकात बघते. मोबाईल नंबर मात्र मालकांचा दिलाय, ते ऊसतोडीवर आहेत.

जुनं_पासबुक

मग मिस्ड कॉल त्यांच्या मोबाईलवरून द्यावा लागेल आणि उत्तरही तिकडेच जाईल. नंबर बदलून घेण्याचा अर्ज शाखेत एकदा करा. आधार आणि पासबुक घेऊन जा.

विलास_नांदेड

माझे दिवाळीच्या आधी 10,000 कापले गेले पण मशीनमधून आले नाहीत. हेच शुल्क असेल का?

शशांक_पुणे

विलासराव, ते शुल्क नाही, तो फसलेला व्यवहार. पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. नाही आले तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई बँकेने द्यायची असते, मागितली नाही तरी. मशीनवर लिहिलेला नंबर आणि वेळ सांगून स्वतःच्या बँकेत तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक घ्या. यासाठी वेगळा धागा काढलात तर बरं, इथला विषय दुसरा आहे.

रोकडगाडी

मी एटीएममध्ये नोटा भरणाऱ्या कंपनीत होतो, लातूर-बीड पट्ट्यात. सहा वर्षं. एकजण गाडी चालवायचा, एकजण बंदूकधारी, आम्ही दोघं कस्टोडियन. सकाळी नोटा मोजून कॅसेटमध्ये भरायच्या, सील लावायचं, मग मशीनला जाऊन जुनी कॅसेट काढून नवी बसवायची. हे यासाठी सांगतोय की 23 रुपये कशाचे असं लोक विचारतात. गावातल्या एका मशीनसाठी गाडी 60 किलोमीटर जायची आणि यायची. जागेचं भाडं, वीज, एसी, लाइन, पहारेकरी. ज्या मशीनवर दिवसाला 40 लोक येतात तिथे हा खर्च कसा निघणार?

आणि कोयनाकाठ यांचं मशीन बंद होतं म्हणतायत. नोटा संपल्या असतील किंवा लाइन गेली असेल. महिनाअखेर आणि सणाच्या आधी आमच्या गाड्या पुऱ्या पडायच्या नाहीत, हे खरं आहे.

कोयनाकाठ

हाच माझा पुढचा प्रश्न. माझ्या बँकेचं उंब्रजचं मशीन चालू असतं तर मी खासगी मशीनवर गेलोच नसतो. चूक त्यांची आणि व्यवहार माझे संपले. त्याचं काही करता येईल?

जुनं_पासबुक

त्या कारणावर शुल्क माफ होईल असा नियम मला माहीत नाही, आणि आमच्याकडे अशा अर्जांवर कधी परतावा निघाला नाही. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेने एक दंड ठेवला आहे. महिन्याभरात एखादं मशीन नोटांअभावी दहा तासांपेक्षा जास्त रिकामं राहिलं तर बँकेला त्या मशीनपोटी 10,000 रुपये दंड. पण तो रिझर्व्ह बँकेकडे जमा होतो, तुमच्याकडे येत नाही. तक्रार जरूर करा, मशीन नीट भरलं जाण्यासाठी ती उपयोगी पडेल. 27.14 परत मिळण्याची आशा त्यावर ठेवू नका.

आता शशांक यांच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येतो, कारण या सगळ्याचं मूळ तिथे आहे. पैसे मशीनवाल्याला मिळतात असं ते म्हणाले होते. अर्धं खरं आहे.

तुम्ही दुसऱ्या बँकेच्या मशीनमध्ये कार्ड घातलं की ते मशीन एनपीसीआयच्या नेटवर्कमधून तुमच्या बँकेला विचारतं: या खात्यात पैसे आहेत का, देऊ का? तुमच्या बँकेने हो म्हटलं की नोटा बाहेर येतात. त्या नोटा मशीनवाल्याच्या, म्हणून नंतर दोन्ही बँकांचा हिशेब होतो. तुमची बँक काढलेली रक्कम तर देतेच, वर मशीन वापरल्याचे 19 रुपये देते. नुसती शिल्लक पाहिली तरी 7 रुपये देते. हे दर 1 मे 2025 पासूनचे, त्याआधी 17 आणि 6 होते. तुमचा व्यवहार मोफत असो नसो, तुमच्या बँकेला हे द्यावेच लागतात.

कोयनाकाठ यांचा सप्टेंबर घ्या. पाच वेळा पैसे काढले, म्हणजे पाच गुणिले 19, झाले 95. दोन वेळा नुसतं बघितलं, म्हणजे 14. जीएसटी बाजूला ठेवला तर त्यांच्या बँकेने 109 रुपये बाहेर दिले आणि त्यांच्याकडून घेतले 46. मोफत म्हणजे ग्राहकाला मोफत, बँकेला नव्हे. म्हणूनच कुठलीही बँक स्वतःच्या मशीनवर या म्हणून सांगत राहते, आणि म्हणूनच दुसऱ्याच्या मशीनवर शिल्लक पाहणंसुद्धा मोजते.

यातूनच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. परळच्या मशीनला तुमचे किती मोफत उरलेत ते ठाऊकच नसतं. ती मोजणी तुमच्या बँकेच्या संगणकात असते. म्हणून पडद्यावर नेमकं सांगता येत नाही, "तुमची बँक शुल्क आकारू शकते" एवढंच मोघम लिहून येतं. आणि म्हणून तिथल्या बाईंना तुमच्या कापलेल्या 27.14 बद्दल काहीच दिसत नव्हतं.

शशांक_पुणे

हे कधी कुणी समजावून सांगितलं नव्हतं. म्हणजे 23 पैकी 19 मशीनवाल्याला, उरलेले माझ्या बँकेला. पण माझा आक्षेप वेगळाच आहे. बँकेला माझी मोजणी ठाऊक असते, तर पाचवा व्यवहार झाल्यावर "तुमचा कोटा संपला" असा एसएमएस पाठवायला काय हरकत? पैसे कापल्याचा येतो, आधी सांगणारा येत नाही.

जुनं_पासबुक

रास्त आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2014 च्या परिपत्रकात बँकांनी असे व्यवहार मोजण्याची नीट व्यवस्था ठेवावी, तक्रारी उद्भवू नयेत, असं लिहिलेलं आहे. आधी सूचना देण्याची सोय आमच्याकडे नव्हती, ती असावी असं मी स्वतः दोनदा वर लिहून पाठवलं होतं.

मीनाक्षी_डोंबिवली

माझ्या खात्यात 27.14 नाही, 23.60 कापलेत. वरती वाचलं की 20 रुपये हा जुना दर, 20 अधिक 18 टक्के म्हणजे 23.60. म्हणजे माझी बँक अजून जुनाच दर लावते असं समजू का? तसं असेल तर चांगलंच आहे.

जुनं_पासबुक

मीनाक्षीताई, त्या दिवशी मशीनवर पैसे मिळाले होते का? खात्यात पुरेशी शिल्लक नव्हती म्हणून मशीनने नकार दिला असेल, तर ते वेगळं शुल्क आहे. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर शिल्लक अपुरी पडली तर बऱ्याच बँका 20 अधिक जीएसटी लावतात, म्हणजे तेच 23.60. याला मोफत कोट्याशी देणंघेणं नसतं, महिन्यातला पहिलाच व्यवहार असला तरी लागतं.

मी नेहमी पैशांवरून ओळखायला सांगायचो. 27.14 म्हणजे कोटा संपल्यावरचं, सध्याच्या कमाल दराचं. 24.78 असेल तर मे 2025 च्या आधीचं. 23.60 दिसलं आणि तारीख 2022 नंतरची असेल, तर आधी अपुऱ्या शिलकीचा संशय घ्यायचा.

मीनाक्षी_डोंबिवली

बरोबर! डोंबिवली स्टेशनजवळ 4,000 टाकले होते आणि नकार आला होता. मला वाटलं मशीन बिघडलंय. खात्यात 3,700 होते. मग 3,500 काढले, ते मिळाले. पण तुम्ही तर म्हणालात की व्यवहार झाला नाही तर शुल्क नाही?

जुनं_पासबुक

मशीनच्या किंवा बँकेच्या दोषाने झाला नाही तर. पिन चुकण्याचाही त्या परिपत्रकात स्पष्ट उल्लेख आहे. अपुरी शिल्लक त्यात नाही, तिचा भार खातेदारावर येतो.

मीनाक्षी_डोंबिवली

समजलं. मग आता माझाही प्रश्न. डोंबिवली, ठाणे, नवी मुंबई इथली मशीन्स मुंबईत धरतात का? माझ्या ऑफिसात यावरून कायम दोन तट. एक म्हणतो लोकल जिथवर जाते तिथवर मुंबई, दुसरा म्हणतो महापालिकेची हद्द संपली की पाच मिळतात.

शशांक_पुणे

माझा चुलतभाऊ ऐरोलीला राहतो, त्याला तीनच मिळतात असं तो सांगतो.

रोकडगाडी

आमच्याकडे मशीनच्या यादीत प्रत्येकापुढे मेट्रो का नॉन-मेट्रो असा रकाना असायचा. पण लातूरला सगळीच नॉन-मेट्रो, त्यामुळे मुंबईच्या कडेची कशी धरतात ते कधी पाहिलं नाही.

जुनं_पासबुक

मी सोलापूर आणि कोल्हापूरला होतो, त्यामुळे ऐरोली-डोंबिवलीचं छातीठोक सांगणार नाही. पण 2014 च्याच परिपत्रकात मशीनवाल्याने ते मशीन मेट्रोतलं आहे की बाहेरचं हे तिथेच कळेल असं दाखवायचं, स्टिकर, फलक किंवा पडद्यावरचा संदेश, असं सांगितलेलं आहे. मशीनच्या अंगावर बघा. स्टिकर निघून गेलेला असेल तर तो फोटो तक्रारीला जोडता येतो.

मीनाक्षी_डोंबिवली

आज संध्याकाळी पाहिलं. स्टेशनसमोरच्या मशीनवर काहीच नाही, दारावर नुसतं चोवीस तास लिहिलंय. बाजूच्या गल्लीतल्यावर कडेला एक छोटा स्टिकर आहे, पण खरवडलेला, अर्धी अक्षरंच उरलीत. कुणी डोंबिवली-ठाण्यातलं ओळखीचं बँकेत असेल तर कृपया विचारून लिहा.

कोयनाकाठ

सगळ्यांचे आभार. जुनं_पासबुक, तुम्ही सांगितल्याप्रमाणे बँकेच्या वेबसाइटवर शुल्कपत्रक शोधलं. चौदाव्या पानावर, बारीक अक्षरात: इतर बँकांच्या एटीएमवर दरमहा एकूण पाच व्यवहार मोफत, त्यांपैकी मेट्रो केंद्रांत कमाल तीन, यात आर्थिक आणि बिगर-आर्थिक दोन्ही. म्हणजे तुमची मोजणी बरोबर, दोन्ही शुल्कं नियमात बसतात.

तरी ग्राहक सेवेला ईमेल करून 1 ते 30 सप्टेंबरची व्यवहारांची मोजणी मागवली. चार दिवसांनी यादी आली. तुमच्या सात व्यवहारांशी ती जुळते, फक्त 19 तारखेला त्यांच्याकडे एक जास्तीची ओळ आहे, चुकलेल्या पिनची. तिच्यापुढे "मोजणीत नाही" असं लिहिलंय. ती मोजली असती तर 20 तारखेच्या छोट्या स्टेटमेंटलाही शुल्क लागलं असतं.

जुनं_पासबुक

यादी मागवलीत हे फार बरं केलंत. ज्यांची जुळणार नाही त्यांनी बँकेकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं, फी नाही.

सुमन_माणदेश

मालकांना फोन करून मिस्ड कॉल द्यायला लावला. एसएमएस त्यांना आला, त्यांनी मला वाचून दाखवला. 12 रुपये 86 पैसे. हप्ता अजून आलेला नाही. नंबर बदलायला गुरुवारी बाजाराच्या दिवशी शाखेत जाणार आहे, शेजारच्या दोघीजणीपण येतायत.